पडद्यावरची रेषा, तिचा ठिपका आणि १.६४ चा आकडा: मळसूत्री मार्गावरून e/m काढण्याचे एक प्रकरण

बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर, म्हणजे e/m, काढण्याचा एक जुना प्रयोग असतो. लांब सॉलेनॉइडच्या पोकळीत एक छोटी सीआरटी, म्हणजे कॅथोड किरण नळी, आडवी ठेवलेली असते आणि सॉलेनॉइडमधील प्रवाह वाढवत नेला, की पडद्यावरील हिरवी रेषा फिरत फिरत आखूड होते आणि शेवटी ठिपक्याएवढी उरते. ही पद्धत हान्स बुश यांनी १९२२ मध्ये मांडली. चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वेगाचा काही भाग असलेला कण मळसूत्राच्या आट्यांसारखा पुढे जातो, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य ज्यात प्रत्यक्ष मोजता येते असे सोपे प्रयोग फारसे नाहीत. त्यांपैकी हा एक.

येथे नोंदवलेले प्रकरण दोन विद्यार्थ्यांच्या एका गटाचे आहे. त्यांनी वाचने नीट घेतली होती, आकडेमोड तपासली होती आणि तरीही त्यांचे उत्तर १.६४ × १०¹¹ कूलॉम प्रति किलोग्रॅम आले. मान्य मूल्य १.७६ × १०¹¹ आहे. जवळजवळ सात टक्क्यांची ही तूट ‘प्रायोगिक त्रुटी’ या शीर्षकाखाली जर्नलमध्ये लिहून पुढे जाण्याची त्यांची तयारी होती. मला ते पटले नाही, कारण दोन वेगळ्या दिवशी आणि दोन वेगळ्या पट्ट्यांवर घेतलेली उत्तरे एकाच बाजूला चुकत असतील, तर त्या चुकीला कारण असलेच पाहिजे.

प्रथम मांडणी सांगतो. सॉलेनॉइडची लांबी ४० सेंमी, सरासरी व्यास १० सेंमी आणि एकूण वेढे १६००, म्हणजे मीटरला ४००० वेढे. सीआरटीचा प्रवेगक विभव १००० व्होल्ट ठेवला होता. उभ्या विचलनाच्या पट्ट्यांच्या मध्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर L हे १५.० सेंमी होते, आणि नळी अशी सरकवली होती की हे पंधरा सेंटिमीटर सॉलेनॉइडच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे पडावेत. पट्ट्यांना एसी विभव दिला, की पडद्यावर ठिपक्याऐवजी चार सेंटिमीटरची उभी रेषा दिसते. सॉलेनॉइडच्या मंडलात रिओस्टॅट, अँमीटर आणि प्रवाहाची दिशा उलटवणारा रिव्हर्सिंग स्विच होता. अँमीटरचे लघुत्तम माप ०.०१ अँपिअर होते.

आता इलेक्ट्रॉनचे काय होते ते पाहू. १००० व्होल्टमधून आलेल्या इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १.८८ कोटी मीटर असतो आणि तो जवळजवळ पूर्णपणे नळीच्या अक्षाच्या दिशेने असतो. चुंबकीय क्षेत्रही अक्षाच्याच दिशेने असल्यामुळे वेगाच्या या घटकावर कोणतेही बल पडत नाही. तो जसाच्या तसा राहतो. पट्ट्यांमधून जाताना इलेक्ट्रॉनला वर किंवा खाली असा एक छोटा आडवा वेग मिळतो. चुंबकीय बल केवळ या आडव्या वेगावर चालते आणि त्या वेगाला वर्तुळात फिरवत राहते. पुढे जाणे आणि वर्तुळात फिरणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याने मार्ग मळसूत्राचा होतो. एका फेरीला लागणारा वेळ असा येतो:

T = 2πm/(eB)

या सूत्रात आडवा वेग कुठेच नाही, आणि सगळा प्रयोग याच गोष्टीवर उभा आहे. ज्या इलेक्ट्रॉनला जास्त धक्का मिळाला तो मोठ्या वर्तुळावर जास्त वेगाने फिरतो, ज्याला कमी मिळाला तो छोट्या वर्तुळावर सावकाश फिरतो, आणि दोघेही एक फेरी एकाच वेळात पुरी करतात. एका फेरीच्या काळात अक्षाच्या दिशेने कापलेले अंतर, म्हणजे मळसूत्राच्या दोन लागोपाठच्या आट्यांमधील अंतर, सर्वांसाठी सारखेच असते. हे अंतर L एवढे झाले, की पट्ट्यांमधून वेगवेगळ्या तिरपेपणाने निघालेले सगळे इलेक्ट्रॉन पडद्याशी एकाच वेळी अक्षावर परततात आणि रेषेचा ठिपका होतो. T = L/v आणि v = √(2eV/m) ही दोन्ही सूत्रे एकत्र केली, की हाती येते ते असे:

e/m = 8π²V/(B²L²)

आपल्या मांडणीत पडद्यापर्यंत पोहोचायला इलेक्ट्रॉनला ८ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे फेरीचा काळही तेवढाच करावा लागतो आणि त्यासाठी सुमारे ४.४७ मिलिटेस्ला, अर्थात ४५ गॉसच्या आसपास, क्षेत्र लागते. पुस्तकांतील आकृतीत हे मळसूत्र दाट गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखे काढतात; त्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात तेच चित्र बसते. प्रत्यक्षात रेषेच्या टोकावर जाणाऱ्या इलेक्ट्रॉनचे वर्तुळ जेमतेम ३.२ मिलिमीटर त्रिज्येचे आहे आणि त्याचा एक आटा पंधरा सेंटिमीटर लांब आहे. ताणून जवळजवळ सरळ झालेल्या तारेला एकच पीळ दिल्यासारखा हा मार्ग दिसेल.

आणखी एक गैरसमज त्या चित्रातूनच येतो. मळसूत्र अक्षाभोवती गुंडाळलेले आहे असे वाटते, परंतु येथे इलेक्ट्रॉन अक्षावरूनच निघतो. म्हणून पडद्याच्या बाजूने पाहिल्यास त्याचे वर्तुळ अक्षाच्या बिंदूतून जाते आणि वर्तुळाचा मध्य बाजूला असतो. वर ढकललेल्या इलेक्ट्रॉनांची वर्तुळे अक्षाच्या एका बाजूला आणि खाली ढकललेल्यांची दुसऱ्या बाजूला पडतात. या सगळ्या लहानमोठ्या वर्तुळांची अक्षापाशी एकच सामाईक स्पर्शिका असते, आणि ती म्हणजे मूळ उभी रेषा.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले, तर पडद्यावरील रेषा कशी फिरेल हे आधीच सांगता येते. इलेक्ट्रॉन आपल्या वर्तुळावर φ एवढा कोन फिरला असेल, तर अक्षापासून त्याच्या जागेपर्यंत काढलेली जीवा स्पर्शिकेशी φ/2 एवढाच कोन करते. दहावीच्या भूमितीतील स्पर्शिका-छेदिका कोनाचे प्रमेय ते हेच. सर्व इलेक्ट्रॉनांसाठी φ सारखाच असल्याने त्यांच्या जीवा एकाच सरळ रेषेत येतात, म्हणून पडद्यावर रेषा ही रेषाच राहते. पण ती इलेक्ट्रॉनच्या निम्म्या कोनातून फिरते. पहिला ठिपका मिळतो तेव्हा इलेक्ट्रॉनची पूर्ण फेरी झालेली असते आणि रेषा मात्र १८० अंश फिरलेली असते. निम्म्या प्रवाहावर रेषा बरोबर आडवी झालेली दिसायला हवी आणि तिची लांबी मूळ लांबीच्या 2/π पट, म्हणजे चार सेंटिमीटरची सुमारे अडीच सेंटिमीटर, उरायला हवी.

त्या दिवशी सर्वप्रथम आम्ही हेच तपासले. ०.४६ अँपिअरवर रेषा आडवी होती आणि पडद्यावरील चौकटीच्या कागदावर तिची लांबी अडीच सेंटिमीटर भरली. प्रवाहाची दिशा उलटवली, की रेषा दुसऱ्या बाजूने फिरून तितकीच आडवी होत होती. एवढ्यावरून दोन गोष्टी निकालात निघाल्या. पहिली अशी, की विद्यार्थ्यांनी घेतलेला ठिपका पहिल्याच फेरीचा होता. दुसऱ्या फेरीचा ठिपका दुप्पट प्रवाहावर मिळतो आणि तो पहिला समजून सूत्रात घातला, तर उत्तर चौपटीने कमी येते, ०.४४ असे उत्तर लिहिलेले जर्नल माझ्या हाती पूर्वी आलेले आहे. दुसरी गोष्ट अशी, की क्षेत्र प्रवाहाच्या प्रमाणात होते. नळीवर चुंबकीय ढाल म्हणून धातूचे नळकांडे राहिलेले असते, तर हे असे घडले नसते.

फिरण्याची दिशाही एकदा नीट पाहून ठेवण्यासारखी आहे. क्षेत्र पडद्याकडून पाहणाऱ्याच्या दिशेने येत असेल, तर धन प्रभार घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरेल आणि इलेक्ट्रॉन उलट दिशेने. सॉलेनॉइडमधील प्रवाहाची दिशा माहीत असेल, तर पडद्यावरील रेषेकडे नुसते पाहूनही नळीतून जाणारे कण ऋण प्रभाराचे आहेत हे सांगता येते. तोंडी परीक्षेत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण विचारायला हवा.

आता वाचने. उभ्या पट्ट्यांवर, १००० व्होल्टला, प्रवाहाच्या एका दिशेने ०.९३ अँपिअर आणि उलट दिशेने ०.९१ अँपिअरवर ठिपका मिळाला. सरासरी ०.९२. या दोन वाचनांतील फरक हातचुकीचा नव्हता. टेबल उत्तर-दक्षिण होते आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक, जो आपल्याकडे सुमारे ०.४ गॉस आहे, एका दिशेत सॉलेनॉइडच्या क्षेत्रात मिळत होता, दुसऱ्या दिशेत त्यातून वजा होत होता. ४५ गॉसपुढे ०.४ गॉस म्हणजे साधारण एक टक्का, आणि प्रवाहात तो शंभरात एकाच्या आसपासच दिसतो. दोन्ही दिशांची सरासरी घेतली, की हा परिणाम निघून जातो. एकाच दिशेने वाचन घेऊन थांबले असते, तर e/m मध्ये जवळपास दोन टक्क्यांची चूक राहिली असती, कारण B वर्गात येतो. टेबल पूर्व-पश्चिम ठेवले, तर हा घटक अक्षाच्या दिशेत राहत नाही, पण मग तो इलेक्ट्रॉनांच्या शलाकेला आडवा येतो आणि सॉलेनॉइड बंद असतानाही ठिपका सुमारे चार मिलिमीटरने सरकतो. मला उत्तर-दक्षिण मांडणी आणि दोन वाचने हा मार्ग अधिक सरळ वाटतो.

विद्यार्थ्यांनी क्षेत्रासाठी B = μ₀nI हे सूत्र वापरले होते. ४००० वेढे आणि ०.९२ अँपिअर यांवरून B येते ४.६२ मिलिटेस्ला; ते सूत्रात घातले, की e/m = १.६४ × १०¹¹. आकडेमोडीत चूक नव्हती.

त्यांचा पहिला संशय L वर होता आणि तो रास्त होता. पट्ट्या काचेच्या आत असतात, मोजपट्टी लावून अंतर मोजता येत नाही, उत्पादकाने दिलेला आकडा घ्यावा लागतो. शिवाय पट्ट्यांना स्वतःला दोन-अडीच सेंटिमीटर लांबी असते, तेव्हा अंतर नेमके कुठून मोजायचे हाही प्रश्न उरतो. हा संशय तपासायला नळीतच साधन होते. आडव्या विचलनाच्या पट्ट्या पडद्याच्या अधिक जवळ असतात. या नळीत त्यांचे अंतर १२.५ सेंमी होते. त्यांच्यावर तोच प्रयोग केला, तेव्हा ठिपका सरासरी १.१० अँपिअरवर मिळाला आणि त्याच पद्धतीने उत्तर आले १.६५. अंतरे मोजताना पडद्याच्या बाजूने अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली असती, तर ती १५ सेंटिमीटरवर एका प्रमाणात आणि साडेबारावर त्याहून मोठ्या प्रमाणात दिसली असती आणि दोन उत्तरांत दीडेक टक्क्याचा पद्धतशीर फरक पडला असता. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच कमी होती. मग उरला विभव. ८००, १००० आणि १२०० व्होल्टला प्रवाह ०.८२, ०.९२ आणि १.०१ आले होते. त्यांचे वर्ग विभवापुढे मांडले, तर रेषा आलेखाच्या आरंभबिंदूतून जात होती. म्हणजे व्होल्टमीटरच्या शून्यात दोष नव्हता. संपूर्ण स्केलच सात टक्क्यांनी चुकलेला असू शकतो, हे मान्य. पण दुसऱ्या मीटरने तोही आकडा जुळला.

आता संशयाला जागा एकच राहिली, आणि ती म्हणजे B. आपण B मोजलेला नाही, तो सूत्राने काढला आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आलेली नव्हती. μ₀nI हे सूत्र अनंत लांबीच्या सॉलेनॉइडचे आहे. आपला सॉलेनॉइड व्यासाच्या केवळ चौपट लांब आहे. अशा सॉलेनॉइडच्या अक्षावरील कोणत्याही बिंदूपाशी क्षेत्र असे असते:

B = (μ₀nI/2)(cos α₁ + cos α₂)

येथे α₁ आणि α₂ हे त्या बिंदूपासून सॉलेनॉइडच्या दोन टोकांच्या कडांकडे काढलेल्या रेषांनी अक्षाशी केलेले कोन आहेत. अगदी मध्यावर दोन्ही टोके २० सेंमी दूर आणि त्रिज्या ५ सेंमी. म्हणून दोन्ही cos ०.९७० येतात. म्हणजे मध्यावरसुद्धा क्षेत्र सूत्रापेक्षा तीन टक्के कमी आहे. पडद्यापाशी आणि पट्ट्यांपाशी, मध्यापासून साडेसात सेंटिमीटरवर, ते ०.९५६ पटीवर उतरते.

तेव्हा सूत्रात कोणता B घालायचा? इलेक्ट्रॉन फिरतो तो कोन म्हणजे वाटेतील प्रत्येक ठिकाणच्या eB/m च्या गतीने जमा होत गेलेला कोन. अक्षाच्या दिशेचा वेग व्यवहारतः सारखा राहतो, म्हणून पूर्ण फेरीची अट वाटेवरील सरासरी B ने ठरते. मध्यावरील B ने नाही आणि पडद्यापाशी असलेल्या B नेही नाही. मध्य आणि दोन्ही टोके घेऊन सिंप्सनच्या नियमाने ही सरासरी ०.९६५ पट येते. आता B झाले ४.४६ मिलिटेस्ला. क्षेत्रातील साडेतीन टक्के वर्ग केल्यावर सात टक्के होतात आणि e/m येते १.७६ × १०¹¹. नुसती मध्यावरची दुरुस्ती करून थांबले असते, तर १.७४ आले असते, आणि बरेच जण तिथेच समाधान मानतात. आडव्या पट्ट्यांसाठी सरासरीचा गुणक ०.९६७ आहे, तो घातल्यावर १.६५ चेही १.७७ होते.

दोन पट्ट्यांची उत्तरे सारखीच का चुकत होती, तेही यातून उलगडते. दोन्ही मार्ग सॉलेनॉइडच्या जवळजवळ त्याच भागातून जातात आणि त्यांचे गुणक ०.९६५ आणि ०.९६७ इतके जवळ आहेत. नळी साडेबारा सेंटिमीटर बाहेर ओढून पडदा सॉलेनॉइडच्या तोंडाशी आणला असता, तर हे साम्य राहिले नसते, कारण तोंडापाशी क्षेत्र निम्म्याच्या आसपास असते. काही प्रयोगशाळांत पडदा नीट दिसावा म्हणून नेमके हेच केलेले असते आणि मग उत्तर कितीही कमी येऊ शकते. अशा ठिकाणी सरासरी काढताना तीन बिंदू पुरत नाहीत, सेंटिमीटर-सेंटिमीटरवर cos काढावे लागतात. त्याहून नळी आत सरकवून आरशात पडदा पाहणे सोपे.

येथवर मुख्य प्रश्न सुटला. परंतु ठिपका पाहताना विद्यार्थ्यांनी जी एक तक्रार केली होती तिच्याकडे वळणे आवश्यक आहे, कारण ती याच मळसूत्राची दुसरी बाजू आहे. त्यांचे म्हणणे असे, की चुंबकीय क्षेत्र नसताना आणि पट्ट्यांचा विभव काढल्यावर ठिपका सुईच्या टोकाएवढा बारीक असतो, आणि ०.९२ अँपिअरवर मात्र तो मिलिमीटरभर जाड दिसतो. मग हे फोकस कसे म्हणायचे?

ही निरीक्षणशक्ती चांगली होती, आणि उत्तर सरळ आहे. क्षेत्र नसताना नळीच्या इलेक्ट्रॉन बंदुकीतील इलेक्ट्रोस्टॅटिक भिंग शलाकेला पडद्यापाशी निमुळती करते. पट्ट्यांमधून जाताना तीच शलाका जाड असते. एका पूर्ण फेरीनंतर मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉन अक्षापासून जेवढ्या अंतरावर आणि ज्या दिशेला होता, तेवढ्याच अंतरावर त्याच दिशेला परत येतो. म्हणजे पट्ट्यांच्या जागी शलाकेचा जो आडवा छेद होता, त्याची एकास एक प्रतिमा पडद्यावर पडते. ठिपक्याची जाडी म्हणजे पट्ट्यांपाशी असलेल्या शलाकेची जाडी. एकसमान क्षेत्र लहान प्रतिमा देऊ शकत नाही. त्यासाठी आखूड वेटोळे लागते, आणि असे वेटोळे इलेक्ट्रॉनसाठी भिंगासारखे वागते हे बुश यांनीच १९२६ मध्ये दाखवले. बर्लिनमध्ये क्नोल आणि रुस्का यांनी १९३१ मध्ये केलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सुरुवात तिथून होते. आपल्या टेबलावर फोकसचे बटण फिरवून ठिपका थोडा बारीक करता येतो, पण त्याचा मोह धरू नये, कारण आपल्याला मोजायची आहे ती रेषेची लांबी.

या जाडीमुळे वाचनाची खरी मर्यादा ठरते. प्रवाह ०.०१ अँपिअरने चुकला, तर रेषेची लांबी साधारण ०.४ मिलिमीटर होते, आणि मिलिमीटरभर जाडीच्या ठिपक्यात ती दिसतच नाही. म्हणून ‘सर्वांत लहान ठिपका’ डोळ्यांनी शोधण्यापेक्षा ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना रेषा दोन मिलिमीटर लांब होते ते प्रवाह पाहावेत आणि त्यांची सरासरी घ्यावी, असे मी सुचवले. ते प्रवाह सुमारे ०.८८ आणि ०.९७ अँपिअर आले आणि मध्य ०.९२ ते ०.९३ च्या दरम्यान पडला. याहून लांब रेषा घेऊ नये. प्रवाह वाढला की वर्तुळाची त्रिज्याही कमी होत असते, त्यामुळे दोन बाजूंची प्रवाहांतरे सारखी राहत नाहीत आणि सरासरी किंचित वर सरकते.

ठिपका पूर्णपणे बिंदू होऊ न देणारी आणखी दोन कारणे आहेत. ती या मांडणीत मोजण्याएवढी मोठी नाहीत, पण त्यांचा अंदाज घेतल्याशिवाय ती सोडून देणे योग्य नाही. पहिले असे, की पट्ट्यांमधून तिरपा झालेला इलेक्ट्रॉन एकूण वेगाने तेवढाच राहतो. आडवा वेग मिळाला तर अक्षाच्या दिशेचा घटक v cos θ होतो. रेषेच्या टोकासाठी θ सुमारे ०.१३ रेडियन आहे, म्हणून हा घटक ०.९ टक्क्याने कमी होतो, टोकाचा इलेक्ट्रॉन पडद्याशी किंचित उशिरा पोहोचतो आणि तोवर त्याने पूर्ण फेरीपेक्षा थोडे जास्त अंतर कापलेले असते. त्यामुळे तो अक्षापासून ०.१८ मिलिमीटरवर पडतो. रेषा दुप्पट लांब घेतली, तर हा परिणाम आठपट होतो, म्हणून मोठी रेषा घेऊन प्रयोग करण्याचा उत्साह आवरावा.

दुसरे कारण पट्ट्यांच्या लांबीचे आहे. इलेक्ट्रॉनला आडवा वेग एका बिंदूवर मिळत नाही, अडीच सेंटिमीटरभर मिळत राहतो, आणि त्या अडीच सेंटिमीटरमध्येही चुंबकीय क्षेत्र त्याला वळवतच असते. पट्टीच्या सुरुवातीला मिळालेला धक्का पडद्यापर्यंत एका फेरीहून जास्त फिरतो, शेवटी मिळालेला कमी फिरतो. या दोघांची सरासरी पट्टीच्या मध्यावर पडते, म्हणून L मध्यापासून मोजणे बरोबर ठरते. मात्र एवढे करूनही मूळ रेषेला लंब दिशेने एक छोटासा शेष उरतो, तो या मांडणीत टोकापाशी ०.१४ मिलिमीटर येतो. दोन्ही आकडे शलाकेच्या जाडीत लपून जातात, आणि ते लपतात म्हणूनच सोपे सूत्र येथे चालते.

सॉलेनॉइड तापतो ही गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि रिओस्टॅट न हलवताही प्रवाह हळूहळू उतरतो. म्हणून ठिपका जुळला की त्याच क्षणी अँमीटर वाचावा आणि स्विच बंद करावा. दुसरी फेरी पाहायला १.८४ अँपिअर लागतात आणि तेवढ्या प्रवाहावर उष्णता चौपट असते, त्यामुळे ते वाचन दहा-वीस सेकंदांत उरकावे.

विद्यार्थ्यांनी जर्नलमधील पान पुन्हा लिहिले. १.७६ हा आकडा आल्यावर त्यांना फार आनंद झाला होता, तेव्हा त्रुटीचा हिशेबही त्यांच्याकडूनच करून घेतला. प्रवाहात ०.०१ अँपिअर, म्हणजे १.१ टक्का, तो वर्गामुळे २.२ टक्के, अंतरात दोन मिलिमीटर, म्हणजे १.३ टक्के, ते वर्गामुळे २.७ टक्के, विभवात एक टक्का. यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतले, तर एकूण साडेतीन टक्क्यांच्या थोडे वर जाते. म्हणून अंतिम नोंद (१.७६ ± ०.०६) × १०¹¹ कूलॉम प्रति किलोग्रॅम अशी झाली, आणि दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलेला आकडा हा बराचसा योग होता, हेही त्यांनी त्याखाली एका ओळीत लिहिले. आधीचे १.६४ खोडले नाही. त्याच्या शेजारी वापरलेल्या B चे सूत्र आणि ०.९६५ चा गुणक कसा काढला याचे कोष्टक चिकटवले.